आभाराच्या पत्रातले खूप खूप खूप आणि !!! कमी कसे करायचे? (मसुदा दिलाय, मदत करा)

कृष्णाकाठची

मंडळी, बाबा सांगलीत एकटे राहतात, मी बंगळूरला. पावसाळ्यात ते बाथरूममध्ये पडले, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. मी सुट्टी काढून गेले होते पण ती संपल्यावर परत यावं लागलं आणि त्यानंतरचं सगळं समोरच्या फ्लॅटमधल्या काका-काकूंनी बघितलं. नात्यातले नाहीत, नुसते शेजारी. आता बाबा बऱ्यापैकी हिंडतायत आणि मला काका-काकूंना नीट पत्र लिहायचंय, व्हॉट्सॅप नाही, कागदावर. तर काल बसून लिहिलं आणि नवऱ्याला वाचून दाखवलं तर तो म्हणाला हे फ्लेक्सवरच्या शुभेच्छांसारखं वाटतंय. राग आला पण परत वाचल्यावर मलाही तसंच वाटायला लागलं. मसुदा देते:

"प्रिय काका आणि काकू, तुमचे खूप खूप खूप आभार!!! बाबांच्या ऑपरेशननंतर तुम्ही जे काही केलंत त्यासाठी खरंच शब्दच नाहीत!! तुम्ही अक्षरशः देवासारखे धावून आलात! तुम्ही बाबांची इतकी प्रचंड काळजी घेतलीत की आम्हाला अजिबात टेन्शन आलं नाही!!! काकू, तुमच्या हातचं जेवण तर अप्रतिम!! आणि काका, तुम्ही बाबांना चालवायला जी अतिशय मेहनत घेतलीत ती केवळ अविश्वसनीय आहे! तुमच्यासारखे शेजारी मिळायला खरंच खूप खूप नशीब लागतं!!! आम्ही तुमचे आयुष्यभर अत्यंत ऋणी राहू!! पुन्हा एकदा मनापासून खूप खूप धन्यवाद!!!"

आता प्रॉब्लेम असा आहे की मी हे सगळं काढून बघितलं, म्हणजे नुसते खूप आणि उद्गारचिन्हं उडवली, तर जे उरलं ते सोसायटीच्या नोटिशीसारखं दिसतंय. "तुमचे आभार. तुम्ही काळजी घेतलीत. ऋणी राहू." एकदम कोरडं. मला खरंच भरून आलंय हो, ते दिसलं पाहिजे पण आरडाओरडा नको. काय करू?

शुद्धमराठी

सोपं आहे. उद्गारचिन्ह पत्रात वापरायचंच नाही. आपल्या जुन्या मोडी कागदपत्रांत कुठे होतं हे चिन्ह? ही सगळी विरामचिन्हं इंग्रजी अमदानीत मेजर कँडींनी आणली. मराठी माणसाला भावना दाखवायला चिन्ह लागत नव्हतं. आणि 'खूप' च्या जागी जरा भारदस्त शब्द घ्या, 'शतशः ऋणी', 'अंतःकरणपूर्वक', 'कृतकृत्य'. भाषा उंचावते आणि बटबटीतपणा जातो.

ठाणेलोकल

अगदी हाच प्रॉब्लेम मला ऑफिसात येतो. मॅनेजरने अप्रेझलला माझी बाजू घेतली तर मी मेल लिहिली थँक यू सो मच, रियली रियली मीन्स अ लॉट वगैरे आणि पुढच्या आठवड्यात त्याने सगळ्या टीमसमोर मला 'मिस्टर रियली' म्हटलं. आता मी फक्त 'नोटेड विथ थँक्स' लिहितो. कटकट नाही.

रंकाळा_भेळ

ठाणेलोकल 😄 तुमचं म्हणजे एकदम दुसऱ्या टोकाला गेलं की राव.

ताई, तुमचं पत्र मला तरी काय वाईट वाटलं नाही. आमच्याकडं कोण मदतीला धावून आलं तर आई म्हणते "लय उपकार झालं बघा, लय लय उपकार झालं" आणि ते ऐकणाऱ्याच्या डोळ्यात पाणी येतं. हे कमी करा ते कमी करा हे सगळं पुण्याचं फॅड आहे. मन मोकळं सोडायचं की.

खिळेजुळारी

मी एका दैनिकाच्या पुरवणीत वाचकांची पत्रं बघायचो, आता निवृत्त. आभाराची पत्रं तर ढिगाने यायची, डॉक्टरांचे आभार, हरवलेलं पाकीट परत करणाऱ्या कंडक्टरचे आभार. त्यामुळे या विषयात थोडा हात बसलाय, बघू जमतं का.

आधी शुद्धमराठींना: कँडींचं तुम्ही म्हणता ते ठीक, पण मग त्याच न्यायाने स्वल्पविराम आणि पूर्णविरामही टाकून द्यावे लागतील, तुमच्याच प्रतिसादात ते मोजून बघा. आणि 'शतशः ऋणी' म्हणजे खूपच की, फक्त धोतर नेसलेलं. काम तेच करतो, आवाज वाढवायचं. कृष्णाकाठची यांच्या मसुद्यात 'देवासारखे धावून आलात' आणि 'शब्दच नाहीत' हीसुद्धा त्याच जातीची वाक्यं आहेत, त्यात खूप नाही म्हणून ती आपल्याला दिसत नाहीत एवढंच.

आता मूळ प्रश्न. तुम्ही चिन्हं उडवली आणि पत्र कोरडं पडलं. ते चिन्हं गेल्यामुळे पडलं असं तुम्हाला वाटतंय. पण मसुद्यात नऊ वाक्यं आहेत, वीस उद्गारचिन्हं आहेत, सात वेळा खूप आहे, आणि काका-काकूंनी नेमकं काय केलं ते मला वाचून अजून कळलेलं नाही. जेवण दिलं आणि चालवलं, बस. हे पत्र तुम्ही नाव बदलून कुणालाही पाठवू शकता. कोरडेपणा आधीपासून होताच, चिन्हांनी तो झाकला होता.

मी एक गोष्ट करायचो. जोर देणारा प्रत्येक शब्द बोटाने झाकायचा आणि वाक्य मोठ्याने वाचायचं. वाक्याला काहीच झालं नाही तर तो शब्द गेला, विचार करायचा नाही. 'खरंच शब्दच नाहीत' मधला खरंच काढा, काय फरक पडला? काही नाही. कधी कधी वाक्याचा अर्थच बदलतो, तिथे मात्र शब्द ठेवायचा. 'बाबांना खूप दुखत होतं' यातला खूप हा जोर नाही, तो माहिती आहे, दुखत होतं आणि खूप दुखत होतं यात औषधाचा फरक पडतो. आणि कधी कधी वाक्य लुळं पडतं, म्हणजे 'तुम्ही काळजी घेतलीत' एवढंच उरतं आणि ते खोटं वाटतं. अशा लुळ्या वाक्याखाली एक गोष्ट असते जी तुम्हाला माहीत आहे आणि तुम्ही लिहिलेली नाही. तिथे दुसरा शब्द शोधत बसू नका, ती गोष्ट लिहा.

तर मला सांगा, तुमचं चौथं वाक्य: इतकी प्रचंड काळजी घेतली की अजिबात टेन्शन आलं नाही. काय काळजी घेतली? आणि खरंच टेन्शन आलं नाही का?

कृष्णाकाठची

खिळेजुळारी, धोतर नेसलेलं खूप 😂

खरं सांगू का, टेन्शन भयंकर आलं होतं. दिवसभर कामात लक्ष नसायचं, बाबा परत पडले तर, इंजेक्शन द्यायला माणूस आला नाही तर, असं चालू असायचं डोक्यात. पण रोज रात्री नऊ वाजता काका व्हिडिओ कॉल लावायचे आणि मोबाईल पॅसेजमध्ये शूरॅकवर उभा करून ठेवायचे आणि बाबा वॉकर घेऊन आमच्या दारापासून लिफ्टपर्यंत आणि परत असं चालायचे, ते मी बघायचे. कुणी काही बोलायचं नाही फारसं. कॉल संपला की मला झोप लागायची. हे काकांना मी कधी सांगितलंच नाही. त्यांना वाटत असेल मुलीला रिपोर्ट द्यायचा म्हणून.

खिळेजुळारी

हेच की. हे लिहा. तुमच्या 'अजिबात टेन्शन आलं नाही' मध्ये तर गंमतच झाली होती, जोर इतका चढला की वाक्य खोटं झालं. आणि काकांनी जे केलं त्याची किंमत त्याने उलट कमी झाली, कारण टेन्शनच नव्हतं तर त्यांच्या नऊच्या कॉलने काय केलं? टेन्शन होतं असं कबूल केलंत तर तो कॉल केवढा मोठा होता ते त्यांना आपोआप कळतं, प्रचंड लिहावं लागत नाही.

आता काकूंचं. 'हातचं जेवण तर अप्रतिम' हे लग्नातल्या केटररला म्हणतात. त्या काय द्यायच्या?

कृष्णाकाठची

बाबा कुणाकडचं खात नाहीत. आई गेल्यापासून तर नाहीच, स्वतःचं वरण-भात स्वतः लावतात, मिंधेपणा नको असतो त्यांना. काकूंना हे कसं कळलं माहीत नाही पण त्या डबा देताना रोज म्हणायच्या "जास्त झालंय म्हणून आणलं, टाकून द्यायच्या ऐवजी". रोज! रोज कसं काय जास्त होईल? बाबांनाही कळत होतं. पण तसं म्हटल्यामुळे त्यांना घेता यायचं.

(बघा आला मध्येच उद्गार, हात थांबत नाही)

खिळेजुळारी

तो 'रोज!' राहू दे, तिथे तुमचा आवाज खरंच वर गेलाय. शाळेत केवलप्रयोगी अव्ययांपुढे हे चिन्ह द्यायला शिकवतात, अरेरे, वा, शाब्बास, त्यामागचा हिशेब तोच आहे, बोलताना तोंडातून सुटलेली गोष्ट. तुमच्या 'आयुष्यभर ऋणी राहू!!' मध्ये आवाज कुठे वर जातो? उलट ते म्हणताना माणूस हळू बोलतो. मोठ्याने वाचा म्हणजे कळेल, आवाज खाली जाणाऱ्या वाक्याला उद्गारचिन्ह लावलं की ते खोटं वाटायला लागतं.

आजोबा_टू_पॉइंट_झिरो

माझं मत विचाराल तर घरच्या माणसांचे आभार मानूच नयेत. आमच्या वेळी कुणी थँक्यू म्हणत नसे. आता नातवंडं पाण्याचा ग्लास दिला तरी थँक्यू आजोबा म्हणतात, परकं वाटतं. शेजारीही घरच्यासारखेच. त्यामुळे पत्र न लिहिता दिवाळीला फराळाचं ताट न्यावं, त्यांच्या घरी बसावं, झालं.

शुद्धमराठी

आजोबा, प्रश्न आभार मानावेत की नाही हा नाहीये, कसे लिहावेत हा आहे. पण फराळाची कल्पना चांगली.

खिळेजुळारी, धोतराचा मुद्दा मान्य. 'शब्दच नाहीत' बद्दल मात्र मी साशंक आहे. कधी कधी खरोखरच शब्द सापडत नाहीत, तसं प्रामाणिकपणे लिहिलं तर काय बिघडलं?

खिळेजुळारी

बिघडत काहीच नाही, पण 'शब्दच नाहीत' म्हणून पुढे सात वाक्यं लिहिली की वाचणारा मनात हसतो. खरंच सापडत नसतील तर पत्र दोन ओळींचं करा, तेही चालतं.

सिस्टर_नाईट_ड्यूटी

मी नर्स आहे, ऑर्थो वॉर्डला होते बरीच वर्षं, त्यामुळे अशी पत्रं घेणाऱ्या बाजूने बोलते. डिस्चार्जच्या वेळी कार्ड मिळतात आम्हाला, बहुतेकांवर "सर्व स्टाफचे खूप खूप धन्यवाद!!!" असतं, बरं वाटतं, नोटीस बोर्डला लावतो, पुढच्या महिन्यात कोणाचं कुठलं ते आठवत नाही. कुणी नेमकं लिहिलं असेल तर ते घरी नेते. एका मुलाने लिहिलं होतं की आईला बेडपॅन द्यायच्या आधी तुम्ही दर वेळी पडदा ओढायचात आणि मला बाहेर पाठवायचात, आईने घरी आल्यावर तेवढंच सांगितलं. आता पडदा ओढणं हे आमचं रोजचं काम, कुणाच्या लक्षात येतं असं वाटलं नव्हतं.

पण एक सांगू का, नेमकं लिहिण्यातही घोळ होतो. एका नातेवाइकांनी प्रेमाने लिहिलं की अमुक सिस्टरनी आम्हाला व्हिजिटिंगची वेळ संपल्यावरही आत सोडलं, आणि ते पत्र त्यांनी मेट्रनकडे दिलं! मग काय, त्या सिस्टरला बोलावणं आलं. तेव्हा लिहिण्याआधी बघा की हे पत्र अजून कोण कोण वाचणार आहे. आणि पेशंटबद्दल काय लिहिता तेही. खुब्याच्या ऑपरेशननंतर माणसं चिडतात, रडतात, कपडे खराब होतात, हे सगळं शेजाऱ्यांनी बघितलेलं असतं पण ते कागदावर आलं की पेशंटला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

कृष्णाकाठची

बापरे सिस्टर, बरं झालं सांगितलंत. मी आत्ता नवीन मसुद्यात लिहिलं होतं की एकदा बाबांनी चिडून वॉकर ढकलून दिला आणि तरी काकांनी शांतपणे खुर्ची आणून त्यांना बसवलं, स्वतः पेपर वाचत बसले आणि अर्ध्या तासाने परत उठवलं. मला तो प्रसंग काकांसाठी खूप महत्त्वाचा वाटतो. पण काकू हे पत्र बाबांना वाचून दाखवणार हे शंभर टक्के. काय करू?

सिस्टर_नाईट_ड्यूटी

मग वॉकर ढकलला ते काढा. काकांना आठवतंय सगळं, त्यांना नुसता इशारा पुरतो.

कृष्णाकाठची

त्या दिवशी कॉलवर काका हसून म्हणाले होते "आज साहेब संपावर आहेत!" तेवढंच ठेवते मग. बाबाही हसले होते त्याला.

प्रोफेसर_तात्पुरता

उशिरा आलो. दोन गोष्टी टाकतो, पहिली तुमच्या बाजूची आणि दुसरी थोडी विरोधात.

अमेरिकेत बिंगहॅम्टन विद्यापीठात एक प्रयोग झाला होता, २०१६ च्या सुमारास त्याची फार चर्चा झाली. विद्यार्थ्यांना छोटे संवाद दाखवले, त्यात एका शब्दाचं उत्तर होतं, कधी पूर्णविरामासह, कधी त्याच्याशिवाय. मोबाईलवरच्या मेसेजमध्ये पूर्णविराम असला की उत्तर कमी प्रामाणिक वाटलं. पण तेच संवाद हाताने लिहिलेल्या चिठ्ठीत दाखवले तर फरक पडला नाही. म्हणजे व्हॉट्सॅपवर आपण जे उद्गारचिन्ह टाकतो ते बऱ्याचदा आनंदासाठी नसतंच, 'मी रागावलेलो नाही' एवढं सांगायला असतं, आणि तीच सवय आपण कागदावर घेऊन येतो जिथे तिची गरज नाही. कागदावर पूर्णविराम थंड वाटत नाही. इंग्रजी मेसेजवरचा, कॉलेजच्या मुलांवरचा प्रयोग आहे, सांगलीच्या काकूंना जसाच्या तसा लागू होईल असा दावा नाही.

दुसरी गोष्ट, अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांचं २०१८ चं संशोधन. लोकांना आभाराची पत्रं लिहायला लावली, मग पत्र मिळालेल्यांना विचारलं. लिहिणारे आपले शब्द बरोबर जमतील का याची चिंता करत होते, समोरच्याला अवघडल्यासारखं होईल असं त्यांना जास्त वाटत होतं. मिळालेल्यांना तेवढं अवघडलेलं वाटत नव्हतं आणि आनंद मात्र लिहिणाऱ्यांच्या अंदाजापेक्षा जास्त झाला होता. त्यांचं लक्ष शब्दांच्या कारागिरीपेक्षा आपुलकीकडे होतं. तेव्हा ताई, या धाग्यावर एवढी चिकित्सा चाललीय तिच्या नादात पत्र पाठवायचं राहू नये. तुमचा पहिला मसुदा जसाच्या तसा गेला असता तरी काका-काकू खूश झाले असते असं मला वाटतं.

रंकाळा_भेळ

बघा! मी हेच सांगत होतो, फक्त माझ्याकडं विद्यापीठ नव्हतं.

खिळेजुळारी

प्रोफेसर, खूश तर झालेच असते, नाही कुठे म्हणतोय. पण या बाईंना स्वतःला ते पत्र फ्लेक्ससारखं वाटतंय, ते त्यांना पाठवायचं नाही, मग त्यांनी काय करावं? आणि तुम्ही म्हणता ती आपुलकी वाचणाऱ्याला दिसते कशातून? वीस उद्गारचिन्हांतून की नऊच्या कॉलमधून?

रंकाळा_भेळ, तुमच्या आईंचं 'लय लय उपकार' मी ऐकलं असतं तर मलाही भरून आलं असतं. पण ते समोरासमोर आहे, त्यात आवाज आहे, हात हातात घेतलेला असेल. कागदावर ते काही जात नाही. शिवाय दोनदा म्हणणं ही आपल्या बोलण्याची रीतच आहे, हळूहळू, गरम गरम, खूप खूप. आजी पत्रात 'खूप खूप आशीर्वाद' लिहिते तिथला एक खूप कुणी काढला तर मी त्याचं बोट धरीन. तीन झाले की मात्र बोलण्यातली रीत सुटते आणि वाचणारा मोजायला लागतो.

रंकाळा_भेळ

बरं ते मान्य. पण मला एक सांगा, काकू सांगलीच्या आहेत, त्या स्वतः व्हॉट्सॅपवर कशा लिहितात? माझी मावशी मिरजेला असते, ती गुड मॉर्निंगला पण पाच उद्गारचिन्हं आणि चार हात जोडलेले टाकते. अशा बाईला तुम्ही एकदम शांत पत्र पाठवलं तर तिला वाटणार पोरगी नाराज आहे का काय. बोलीचा पण विचार करा की.

कृष्णाकाठची

काकू अगदी तशाच लिहितात 😄 "ताई पोचलीस का!!!!" असं. हा मुद्दा मला पटतोय.

खिळेजुळारी

यावर माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. प्रोफेसरांनी सांगितलं त्यावरून कागदाचं आणि मोबाईलचं वाचन वेगळं असावं, पण काकू कशा वाचतील ते तुम्हालाच माहीत. मला वाटतं एक 'खूप' मोकळेपणाने ठेवा, शेवटच्या ओळीत, सगळं सांगून झाल्यावर. तिथे तो शोभतो कारण आधी त्याचा खुलासा झालेला असतो. पहिल्याच ओळीत आला की नंतर काय सांगणार?

आणि दोन गोष्टी टाळा. सगळं लिहू नका. औषधं, रिक्षा, लाईट बिल, पाणी भरलं, असं एकेक मांडत गेलात की पत्राचा हिशेब होतो आणि काका म्हणतील अगं आम्ही काय मोजत होतो का. कॉल आणि डबा, दोन पुरेत. आणि 'तुम्ही नसतात तर काय झालं असतं' हे नको, त्याने त्यांच्या डोक्यावर पुढच्या वेळचंही ओझं ठेवल्यासारखं होतं.

नोटिशीसारखं का वाटत होतं त्याचंही कारण सांगतो. 'मेहनत घेतलीत', 'काळजी घेतलीत' हे सगळं गुळगुळीत झालेलं आहे, त्यात कुणी काही करताना दिसत नाही. मोबाईल उभा केलात, डबा ठेवून गेलात, असं लिहा, हात हलताना दिसले की पत्र आपोआप गरम होतं. आणि चुकूनही 'आपण' करू नका, 'तुम्ही'च राहू दे.

ठाणेलोकल

म्हणजे मी मॅनेजरला लिहायला हवं होतं की त्या मीटिंगमध्ये तुम्ही माझा क्लायंट कॉलचा किस्सा सांगितलात त्यामुळे माझं रेटिंग वाचलं?

प्रोफेसर_तात्पुरता

हो. फक्त सिस्टरांचा मेट्रन लक्षात ठेवा, एचआर सीसीत नाही ना बघा.

कृष्णाकाठची

नवीन मसुदा. रात्री जागून लिहिलाय, नवऱ्याला अजून दाखवला नाही.

"प्रिय काका-काकू,

बाबा काल वॉकर न घेता नुसती काठी टेकत जिन्यापर्यंत जाऊन आले. फोनवर मला हे सांगताना त्यांनी आधी तुमचं नाव घेतलं आणि मग काठीचं.

काका, तुम्ही रोज रात्री नऊ वाजता शूरॅकवर मोबाईल उभा करून मला बाबांचं चालणं दाखवायचात. तुम्हाला कधी सांगितलं नाही, पण त्या दिवसांत माझं कशातच लक्ष नसायचं, तो कॉल झाला की मगच झोप यायची. बाबांचा मूड नसेल त्या दिवशीही तुम्ही कॉल लावलात. "आज साहेब संपावर आहेत!" म्हणालात, तेव्हा आम्ही तिघंही हसलो होतो.

काकू, बाबा कुणाकडचं खात नाहीत. तुम्ही रोज 'जास्त झालंय म्हणून आणलं' असं म्हणत डबा ठेवून जायचात. रोज जास्त होत नव्हतं, हे बाबांनाही कळत होतं. तसं म्हणालात म्हणून त्यांना तो डबा घेता आला.

दिवाळीला मी येतेय, तुमच्याकडे निवांत बसायचंय.

तुमचे खूप आभार.

तुमची,"

एक उद्गारचिन्ह आणि एक खूप. उद्गारचिन्हही माझं नाही, काकांचं आहे.

सिस्टर_नाईट_ड्यूटी

छान झालंय. "बाबांचा मूड नसेल" हे बरोबर बसलं. एकच शंका, डब्याचं वाचून बाबांना आपलं गुपित फुटल्यासारखं वाटणार नाही ना? मिंधेपणा नको असतो म्हणालात म्हणून विचारते.

शुद्धमराठी

'मूड' च्या जागी 'मन नसेल' करता येईल. बाकी उत्तम.

रंकाळा_भेळ

मूड राहू दे हो, सांगलीत सगळे मूडच म्हणतात. ताई पत्र भारी झालंय, पण मी असतो तर शेवटी "लय आभार" लिहिलं असतं. त्यावर ठाम आहे.

खिळेजुळारी

माझ्याकडून एकच. 'त्या दिवसांत माझं कशातच लक्ष नसायचं' यातला 'च' झाकून वाचा. मला वाटतं 'कशात लक्ष नसायचं' पुरतं, पण तुमचा कान काय म्हणतो ते बघा. मी आता यात अजून हात घालत नाही, मग ते माझं पत्र होईल.

डब्याबद्दल सिस्टरांची शंका खरी आहे. काढून टाका असं माझं म्हणणं नाही कारण काकूंसाठी पत्रात तेवढं एकच आहे. बाबांना आधी फोनवर विचारता येईल का?

कृष्णाकाठची

'च' काढला, ठीक वाटतंय. बाबांना विचारायचं म्हणजे... ते म्हणतील कशाला लिहितेस. बघते, रविवारी बोलताना विषय काढून बघते. नाही म्हणाले तर काकूंचा परिच्छेद परत इथे आणेन.

आजोबा_टू_पॉइंट_झिरो

अक्षर मोठं काढा आणि निळ्या शाईने लिहा, जेलपेन नको, आमच्या वयाला ते फिकट दिसतं. आणि फराळ विसरू नका.